एकच आला

रसायनशास्त्राच्या मॅडम आणि शेजारच्या टेबलावरचे सर वीस वर्षं पेपर जोडीने तपासत. समीकरणात गेलेले इलेक्ट्रॉन मॅडम मोठ्याने सांगत, आलेले सर. आकडे जुळले तरच बरोबरची खूण. "अणू काय, कुणीही मोजेल!" सर करवादायचे. उन्हाळ्यात सर वारले.

आज एका उत्तरात तांब्याचा एक अणू आणि चांदीचा एक आयन होता. अणू दोन्हीकडे सारखे दिसले, म्हणून मॅडमनी खूण केलीसुद्धा. मग मन खाऊ लागलं. तांब्यावरचा भार शून्यावरून अधिक दोनवर गेला होता.

"दोन गेले," त्या सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती.

चांदीवरचा भार अधिक एकवरून शून्यावर आला होता. खूण खोडत त्या सरांसारख्याच करवादल्या, "एकच आला, मॅडम. लक्ष कुठंय?"