मोबाईलवरचं सत्र आणि पाण्याचा गडवा

मंगळवार, १९ मे २०२०, सकाळी दहा. हजर: साडेतीन वर्षांची मुलगी, तिची आई, तिची आजी आणि बुलडाण्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी. गैरहजर: वडील. घरातला एकुलता मोबाईल आमच्यासाठी ठेवून ते शेतात गेले होते.

माझ्या वहीतली ही नोंद. सत्र कोणतंही असो, आधी हजेरी आणि मग काम, ही माझी जुनी सवय. मी लहान मुलांना बोलायला शिकवते. खरं तर मुलांच्या घरच्यांना शिकवते, पण हे मला नीट कळलं ते त्या उन्हाळ्यात.

मुलगी धामणगाव बढ्याची. टाळेबंदीच्या आधी आई तिला एसटीनं माझ्याकडे आणायची. कानांची तपासणी झाली होती, ऐकू व्यवस्थित येत होतं. पण एकही शब्द नव्हता. काही हवं असलं की आईचा हात धरून ओढायचा, आईनं ओळखायचं, द्यायचं. आईची एकच इच्छा होती, पोरीनं एकदा तरी तोंडानं काही मागावं. एसटी बंद झाली तेव्हा तीच फोनवर म्हणाली, "मॅडम, मोबाईलवर होईन का?" मी म्हटलं, करून पाहू.

पहिली तीन सत्रं मी वाया घालवली. दवाखान्यातली चित्रं पडद्यावर धरून "हे काय? गाय" असं चालवलं होतं. मुलगी चित्रावर बोट फिरवायची, चित्र सरकत नाही म्हटल्यावर लाल बटण दाबायची. फोन बंद. एका सत्रात तिनं मला चार वेळा घालवून दिलं. पडद्यामागून आजीचा आवाज आला, "मॅडम शिकोतील म्हणून बसवलं, अन् पोरगी मॅडमलेच हाकलून राह्यली."

मग मी नवी यादी केली. मोबाईल डब्याला टेकवून जमिनीलगत ठेवायचा, पडदा भिंतीकडे, म्हणजे मागच्या कॅमेऱ्यातून मला खोली दिसेल आणि मुलीला मी दिसणार नाही. आईच्या एका कानात इयरफोन, मी फक्त तिच्याशी बोलणार. वेळ वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. एका वेळी घरातलं एकच माणूस मुलीशी बोलेल. म्हणून आजींना खाटेवर बसवून गप्प राहायला सांगितलं.

"माह्या घरात मलेच मुकं केलं," आजी म्हणाल्या.

खेळ घरातल्याच वस्तूंचा हवा होता. खोलीभर कापूस रचलेला दिसत होता, पार खिडकीपर्यंत. खरेदी बंद, म्हणून यंदाचा कापूस घरातच पडून होता. मी उत्साहानं म्हटलं, मऊ आहे, त्यात वस्तू लपवू, शोधू, मजा येईल.

आईनं मान खाली घातली. आजींना राहवलं नाही. "तुमी कापूस गादीतच पाह्यला काय? त्यानं अंगाले खाज सुटते. पोरीच्या पाठीवर अजून चट्टे हायेत. सरकी तोंडात घातली मंग?"

चूक माझी होती. याच जिल्ह्यात जन्म गेला, पण आमचं घर दुकानदारांचं. कापूस आम्ही फक्त बैलगाडीवरून जाताना पाहिलेला. तो खेळ यादीतून खोडला आणि आईला विचारलं, तिला स्वतःहून काय आवडतं? आई म्हणाली, पाणी. घमेल्यात ओतत बसते. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं आणि नंतर मिरचीच्या रोपांना घालता येतं, म्हणून आजींनीही मंजुरी दिली.

तर १९ मेला आम्ही हे करत होतो. मुलीच्या हातात पेला, आईच्या हातात गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या. आईनं थोडंसंच ओतायचं आणि मग थांबायचं. मनात पाच मोजायचे, मुलीच्या तोंडाकडे पाहायचं. तिनं पाहिलं, हात पुढे केला, काहीही आवाज काढला, तरी ते मागणंच समजायचं. आपण "पाणी" म्हणायचं आणि लगेच द्यायचं. काहीच केलं नाही, तरीही "पाणी" म्हणून द्यायचं, रडवायचं नाही.

आई दोनच मोजायची. मी कानात सांगायची, "थांबा, थांबा." तोवर पेला भरलेला.

"काऊन घाई करता?" मी शेवटी विचारलं.

ती हळूच म्हणाली, "थांबलं की मले भेव वाटते, मॅडम. पाच झाले अन् तिनं मांगितलंच नाई तं?"

इतक्यात बाहेरून हाक आली. गावात फिरून कापूस घेणारा व्यापारी माल बघायला आला होता. आईनं गडवा उंच ओट्यावर ठेवला, इयरफोन काढला आणि बाहेर गेली. मोबाईल चालूच राहिला.

मुलगी ओट्याकडे पाहत राहिली. मग पेला घेऊन आजीच्या खाटेपाशी गेली आणि लुगडं ओढलं.

"थांब वं माय. गुडघे उठू देत नाई."

आजींनी एक हात खाटेवर टेकला, मग दुसरा. थोडं उठल्या, परत बसल्या. दम घेतला. मुलगी आधी त्यांच्या गुडघ्यांकडे, मग तोंडाकडे पाहू लागली. मी माझा आवाज बंद करून टाकला, चुकून शब्द निघू नये म्हणून.

"पा," मुलगी म्हणाली.

"हाव, पाणी. देतो न," म्हणत आजी उठल्या, पाणी दिलं, परत बसल्या. मुलीनं ते घमेल्यात ओतलं आणि परत आली. पुन्हा गुडघे, पुन्हा दम. पुन्हा "पा." तसं तीनदा झालं.

आई आत आली आणि इयरफोन लावला. मी सांगितलं. ती सासूबाईंकडे वळली. मग म्हणाली, "आत्याबाई, तुमी ऐकलं?"

"त्यात काय ऐकाचं? पाणी मांगत होती, म्या देल्लं."

आईनं लगेच मुलीसमोर गडवा धरला. मुलगी खेळून दमली होती, तिनं पाहिलंही नाही. आई म्हणाली, "माह्यापुढं नाई बोलली." त्या एका वाक्यानं माझा आनंद अर्धा झाला.

पुढच्या सत्राच्या भूमिका मी बदलल्या. आजी मुलीसोबत, आई शेजारी बसून फक्त पाहणार. मला पाच अंक मोजून जे शिकवता आलं नव्हतं, ते आजींना गुडघ्यांमुळे करावंच लागत होतं. त्यांच्या थांबण्यात परीक्षा नव्हती, म्हणून भीतीही नव्हती. दोन दिवस आईनं ते पाहिलं. शुक्रवारी ती स्वतः खाटेवर बसली. मुलगी पेला घेऊन आली, तशी आईनं एक हात टेकला, मग दुसरा, आणि मध्येच दम घेतला.

"पाहा, माही नक्कल करून राह्यली," आजी म्हणाल्या.

आई हसली. त्या हसण्यात तिचे अंक मोजायचे राहूनच गेले. मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत होती. "पा."

आईनं पाणी दिलं. अर्धं पेल्यात, अर्धं खाटेवर. "पाणी," ती म्हणाली, पण तिचा आवाज मला नीट ऐकू आला नाही, आणि या वेळी दोष रेंजचा नव्हता.

त्या दोघींचे आभार मी तेव्हा फोनवर मानले. आजी म्हणाल्या, "मले गप्प बसवलं होतं तुमी, ते इसरली नाई." तेव्हापासून घरातल्या कुणालाही बाजूला बसवण्याआधी, ते माणूस मुलाला पाणी कसं देतं, हे मी बघून घेते. माझ्या कामातलं हे सर्वांत उपयोगाचं शिक्षण, आणि ते मला फुकट मिळालं.

त्या शुक्रवारच्या नोंदीखाली एक ओळ आहे: वडिलांसोबत सत्र, वेळ ठरवणे. मोबाईल घरी ठेवणारा माणूस, त्यानंच ते "पा" ऐकलं नव्हतं. पुढे पेरणी आली, मग डवरणी, मग फवारणी. मुलगी आता शाळेत जाते, बापाशी भांडतेही म्हणे. पण शेतावर जाणाऱ्या वडिलांना बसता येईल अशी सत्राची वेळ मला अजून कुठल्याच घरासाठी सापडलेली नाही. चालू वहीत ती ओळ पुन्हा लिहिली आहे, पुढची चौकट रिकामी.