शटरवरचे चौकोन

कापूरहोळच्या फाट्यावर जळालेल्या मोटरींत नव्या तारा भरून देणारा ज्ञानू म्हणजे हातानं वाघ आणि तोंडानं त्याहून मोठा वाघ. गिऱ्हाइकानं मोटर टेकवली रे टेकवली, की ह्याची छिन्नी जळक्या तारांवर चाललीच. मोटरवाला अजून पिशवीतली तंबाखू शोधतोय, तोवर निम्मं वाइंडिंग जमिनीवर.

ह्याच घाईनं त्याचं एकदा नाक कापलं. भोरच्या एका प्रशिक्षण केंद्राला मोटर भरायला शिकवणारा माणूस हवा होता. ते म्हणाले, तुमी कसं शिकवता ते आम्हाला एका व्हिडिओत दाखवा, मग ठरवू. ज्ञानूला वाटलं, झालंच काम. सून प्रेरणानं मोबाईल धरला, ज्ञानूनं छिन्नी धरली. रात्री बघतात तर सगळ्या पडद्यावर ज्ञानूचं टक्कल, आणि मोटर त्याच्या खाली कुठंतरी.

"मामा, जुन्या तारा कशा जोडल्या होत्या, ते कुठाय?" प्रेरणानं विचारलं.

"ते व्हय? ते मघाच तोडलं."

"मग शिकणाऱ्यानं नवी जोडणी कशावरनं करायची? तुमच्या टकलावरनं?"

तोडलेल्या तारा परत लावून ते दाखवता येईना. आता दुसरी जळकी मोटर पाहिजे. केंद्रानं दिलेली मुदत शनिवारपर्यंतची. ज्ञानू येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "काय, मोटर बरी हाय ना?" आणि बरी आहे म्हटलं की तोंड पाडून बसे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला मायेचा पाझर फुटला.

प्रेरणा म्हणाली, "मोटर येईतोवर कागदावर मांडू. कुठला शॉट, कुठनं घ्यायचा, लांबनं का जवळनं. आणि प्रत्येकाचं कच्चं चित्र."

"शिनिमा काढायचाय का?"

"शिनिमावाले चुकले तर त्यांच्याकडं दुसरी मोटर असती, मामा."

हे ज्ञानूला पटलं, पण कागद पटेना. सगळा हिशोब शटरवर खडूनं लिहायची त्याची जन्माची सवय. त्यानं शटर ओढलं आणि बाहेरून चौकोन आखायला घेतले. पहिल्यात अख्खी मोटर, दुसऱ्यात उघडलेली, तिसऱ्यात कॉईल खाचांत कशी बसलीय ते, चौथ्यात तारांची जोडणी अगदी जवळून, पुढच्यांत नवी भरणी. माणसं वांग्यासारखी आली होती, पण मोटरी अशा की बघत राहावं. तिसरा चौकोन काढताना तो थबकला. समोर मोबाईल ठेवला तर आपलंच डोकं आडवं येतंय! मग त्यानं खांद्यावरून, वरच्या बाजूनं बघणारा मोबाईल काढला.

प्रेरणा म्हणाली, "वरनं घ्यायचे सगळे एकदम उरकू, स्टँड हलवायला नको."

"उरकू. पण जळक्या मोटरीचे सगळे आधी. छिन्नी लागली की ते गेलेच."

शुक्रवारी पालीचा सोनबा टेम्पोतनं जळकी मोटर घेऊन आला. ज्ञानूनं त्याला मिठीच मारली. सोनबा म्हणाला, "आरं, मोटर जळलीया, लगीन न्हाई ठरलं."

तयारी झाली. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज नको, म्हणून आतून शटर ओढून ट्यूब लावली. आणि मग प्रेरणाच्या लक्षात आलं, सगळे चौकोन बाहेर! शटर वर करावं तर गुंडाळून डब्यात, खाली ओढावं तर रस्त्यावर.

"सोनबाकाका, तुमी भायेर थांबा. झालेल्यावर खूण करा आणि पुढचा वाचा. मोबाईल चालू असला की मात्र गप."

सोनबा आणि गप! तरी बिचारा तंबाखू दाबून उभा राहिला. पहिला झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला खांद्यावरून खाचा लख्ख दिसल्या. तेवढ्यात ज्ञानूचा हात सवयीनं छिन्नीकडं गेला. तिसऱ्यात बोलून बोलून त्याला झिंग चढली होती. प्रेरणा स्टँडचा स्क्रू आवळत होती, तिचं लक्ष नव्हतं. छिन्नी तारांवर खट्कन टेकली.

बाहेरून शटरवर दणदण थापा. "ए वाघा! चौथ्यावर खूण न्हाई अजून! जोडणी ऱ्हायलीया!"

ज्ञानूचा हात जागच्या जागी थिजला. "तुला कसं कळलं रं?"

"छिन्नीचा आवाज वळखत न्हाई व्हय मी? माझी मोटर हाय ती!"

चौथा शॉट निघाला, तारेचं एकेक टोक दिसलं, मगच छिन्नी चालली. पुढं खाचांत तारांखालचा कागद घालताना सोनबा बाहेर असा शिंकला की मोटर दचकावी. प्रेरणा हसून म्हणाली, "घ्या मामा, कागद काढून परत घाला. हे परत घेता येतं." नवी कॉईल भरली, जोडली. वार्निश सुकून शनिवारी मोटर फिरली, तो शेवटचा शॉट. लगोलग व्हिडिओ गेला.

पुढच्या आठवड्यात केंद्राचा फोन आला, सोमवारपासून या. ज्ञानूनं ऐकलं, मोबाईल खाली ठेवला आणि पहिला प्रश्न प्रेरणाला विचारला, "तिथं शटर हाय का गं?"

"फळा असंल, मामा."

"फळा? बरा हाय. गुंडाळत न्हाई."