जनावरांचं मीठ

बायकोच्या गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा मी जुन्नरला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होतो. पुण्यात तिची थायरॉइड ग्रंथी काढली. मागे कॅन्सरच्या पेशी उरल्या असतील तर त्यांना किरणोत्सारी आयोडीनचा डोस देऊन मारायचं ठरलं. त्याआधी काढलेल्या ग्रंथीच्या बदली चालू असलेल्या तिच्या थायरॉइडच्या गोळ्या बंद केल्या आणि दोन आठवडे पोटात आयोडीन जवळजवळ जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुकानातलं पाकिटातलं मीठ बंद.

मी बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलो आणि गुरांना घालतात ते खडे मीठ घेऊन आलो. त्यात आयोडीन घातलेलं नसतं. कॉलेजात तपासून पाहिलं, खरंच नव्हतं. आमच्या गावी, महाळुंग्याच्या घरी आईच्या हातात पुडकं देऊन म्हणालो, "हिच्या जेवणात हेच." आईने पुडकं हुंगून पाहिलं आणि कोपऱ्यात ठेवून दिलं. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

गोळ्या बंद झाल्यावर बायको दिवसेंदिवस विझत चालली. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, ऐन उन्हाळ्यात ती अंगावर चादर घेऊन ओट्यावर बसायची. एकदा तिने विचारलं, "औषध बी आयोडीन आणि वर्ज्य बी आयोडीन. ह्ये कसं?"

मी सांगितलं. अणूच्या पोटात प्रोटॉन असतात. ते त्रेपन्न असले की तो अणू आयोडीनचाच, एक वाढला तरी ते आयोडीन उरत नाही. प्रोटॉनच्या जोडीला न्यूट्रॉन असतात. मिठातल्या आयोडीनमध्ये ते चौऱ्याहत्तर, औषधातल्यात अठ्ठ्याहत्तर. त्याने फक्त वजन वाढतं, नाव बदलत नाही. अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात.

"आणि बाहेरून?"

"बाहेरून इलेक्ट्रॉन फिरतात. ते प्रोटॉनांइतकेच असले की अणूवर विद्युतभार नसतो. आयोडीनने एक जास्तीचा घेतला की त्याच्यावर ऋण भार येतो, त्याला आयन म्हणायचं. तुझ्या पेशी आयोडीन आत घेतात ते याच रूपात. दोघांचे इलेक्ट्रॉन सारखेच, म्हणून पेशीला साधं कुठलं, औषधी कुठलं, कळत नाही. साध्याने जागा भरली तर औषधाला आत शिरायला वाव नाही."

"आणि शिरलं तर?"

"ते वजन त्याला पेलत नाही. एक न्यूट्रॉन फुटून प्रोटॉन होतो, आतून एक इलेक्ट्रॉन सुसाट बाहेर पडतो आणि आजूबाजूच्या पेशी जाळतो. प्रोटॉन चोपन्न झाले, म्हणजे ते आयोडीन राहिलंच नाही, झेनॉन झालं. एक वायू."

"म्हंजे उपाशी ठेवायचं आन् मग इख घालायचं," ती म्हणाली. माझ्या अख्ख्या वर्गात इतक्या चटकन कुणाला कळलं नव्हतं.

डोससाठी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी वर्गात मिठाची परीक्षा दाखवायची होती. पाकिटातलं मीठ कॉलेजात होतंच. बिनआयोडीनचं म्हणून बायकोच्या मिठाच्या बरणीतलं चमचाभर घरून नेलं. ते बारीक होतं, आईने खडे कुटून ठेवले असतील असं वाटलं. दोन्हींवर स्टार्च, पोटॅशियम आयोडाइड आणि थोडं आम्ल टाकलं. मिठात आयोडीन घातलेलं असेल तरच ते याने निळं होतं. पाकिटातलं निळं झालं. मग दुसरंही निळं झालं. पोरं म्हणाली, "सर, चुकलं तुमचं." चूक प्रयोगात नव्हती.

घरी आलो. आई गोठ्यात होती. तिने पहिल्याच दिवशी खडे मीठ म्हशींना घातलं होतं आणि बरणीत पाकिटातलं भरलं होतं.

"आजारी सुनेला जनावराचं मीठ घालू?" ती म्हणाली. "ती काय दावणीला बांधलीया? मीठ त्ये मीठ. मला कुणी काय सांगितलं व्हतं का?"

मला भयंकर राग आला, आणि तो आईवर काढता येईना. अकरावीच्या साठ पोरांना मी समस्थानिकं शिकवली, बायकोला शिकवली. आईला नुसता हुकूम सोडला होता. मग तिच्यासमोर बसून सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

गावातल्या फोनवरून डॉक्टरांना कळवलं. डोस दोन आठवडे पुढे गेला. म्हणजे बायकोला गोळ्यांविना आणखी दोन आठवडे, आणि पेशींनाही वाढायला तेवढीच सवड. बायको आईला एवढंच म्हणाली, "राहू द्या आत्या, तुमी मायेनंच केलं." ते ऐकून आई आत जाऊन रडली.

मी बेल्ह्याहून पुन्हा खडे मीठ आणलं, आणि त्या दिवसापासून आईने स्वतःच्या ताटातही तेच घेतलं. रोज सकाळी ती बरणी माझ्यासमोर धरायची आणि मी कॉलेजातून आणलेले थेंब टाकायचो. मीठ पांढरंच राहायचं. मग ती चूल पेटवायची.

निघायच्या सकाळीही मीठ पांढरं राहिलं. आईने बायकोच्या गळ्यावरच्या व्रणाकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "बरणीचं कळलं रं. हितली जागा रिकामी झाली का, त्ये बघायचं थेंब हायेत का तुझ्याकडं?"

तसले थेंब माझ्याकडे नव्हते. मी पिशवी उचलली आणि आम्ही एसटीला निघालो.