पॉइंट छत्तीस

माझ्या प्रबंधाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. त्यात लिहिलंय की दोन वाचकांनी एकमेकांना न विचारता बातम्यांचं वर्गीकरण केलं आणि त्यांच्यातला मेळ समाधानकारक होता. वाक्य खरं आहे. फक्त त्यातला दुसरा वाचक दुसराच आहे. पहिल्या दुसऱ्या वाचकाची ही हकीकत.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मुळशीत हायस्कुलात मास्तर होतो आणि पुण्याला पीएच.डी.साठी नाव नोंदवून बसलो होतो. विषय भारदस्त होता: मराठी वृत्तपत्रांतल्या धरणांच्या बातम्या. प्रत्येक बातमीला आकडा द्यायचा. बातमी मुख्यतः बांधकाम, वीज, पाणी यांबद्दल असेल तर एक; उठलेल्या गावांबद्दल, माणसांबद्दल असेल तर दोन. मुख्य काय हे ठरवायचा नियम मीच केला होता: मथळ्यावर जायचं नाही, पूर्ण बातमी वाचायची, ओळी मोजायच्या, जास्त ओळी ज्याच्या त्याचा आकडा. नियम लिहून मी स्वतःवरच इतका खूष झालो की तो पाळायचा असतो हे विसरून गेलो.

मार्गदर्शक सर म्हणाले, "तुम्ही एकट्याने दिलेले आकडे म्हणजे तुमची मर्जी. दुसऱ्या कुणाकडून तेच काम स्वतंत्रपणे करून घ्या, आणि कप्पा काढून आणा." दोघांतला मेळ मोजणारं कप्पा हे माप तेव्हा इतकं नवं होतं की सरांनी परदेशी मासिकातला लेख हाताने उतरवून दिला होता.

दुसरा वाचक म्हणून मी गुरुजींना गाठलं. निवृत्त हेडमास्तर, चष्मा जाड, अक्षर छापल्यासारखं. तलावाच्या काठावर घर, पण पाण्याकडे पाठ करून बांधलेलं. त्यांचं मूळ गाव धरणाखाली गेलं होतं. हे मला ठाऊक होतं. अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

मी शंभर कात्रणं, नियमांचा कागद आणि टोक केलेली पेन्सिल दिली. पंधरा दिवसांनी गेलो तर गुरुजी अंगणात घडीच्या टेबलाशी बसून कात्रणावर पट्टी ठेवून ओळी मोजत होते.

"सर, एवढं सावकाश चालतं का?" त्यांनी मला विचारलं.

"चालतं की, गुरुजी," मी म्हणालो. मी माझी शंभर दोन दुपारी उरकली होती.

घरी येऊन ताळा केला. शंभरात बहात्तर जुळले होते. मी जवळजवळ नाचलो. मग कप्पाचा हिशेब मांडला आणि बसलो. दोघांनी डोळे मिटून आकडे टाकले तरी काही जुळणारच, ते आधी वजा करायचे असतात. मी ऐंशी ठिकाणी एक दिला होता, गुरुजींनी साठ ठिकाणी. त्या प्रमाणात नुसत्या योगायोगानेच छप्पन्न जुळले असते. उरल्या चव्वेचाळीस जागा, त्यांत आमची कमाई सोळा. सोळा भागिले चव्वेचाळीस, पॉइंट छत्तीस.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना हसत हसत सांगितलं, "छत्तीस पडले, गुरुजी! पस्तिसाला पास. एका मार्काने वाचलात."

कप्पा कुणा एकाचा नसतोच. तो दोघांचा मिळून असतो. न जुळण्यात चूक कोणाची हे तो सांगत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण विनोद सुचला की माझं ज्ञान रजेवर जातं. जन्मभर दुसऱ्यांना मार्क देणाऱ्या माणसाच्या तोंडावर मी हे बोललो.

गुरुजी हसले नाहीत. "कुठं चुकलं ते दाखवा," म्हणाले.

मी दोघांचे कागद शेजारी ठेवले. अठ्ठावीस ठिकाणी फरक, आणि त्यांतल्या चोवीस ठिकाणी माझा एक, त्यांचा दोन.

"सर, पण ओळी मोजल्या तर..."

"गुरुजी," मी समजुतीच्या सुरात म्हणालो (हा सूर मला आजही कानात ऐकू येतो), "तुमचं गाव बुडालं, म्हणून तुम्हाला प्रत्येक बातमीत गाव बुडालेलंच दिसणार. शास्त्रात भावना बाजूला ठेवावी लागते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं," म्हणाले. "नवी शंभर द्या. आता न्हाई चुकायचो."

पुढच्या खेपेला दारात गुरुजींच्या पत्नी, काकू, भेटल्या. "काय ओ सर, कसली परीक्षा लावलीया ह्यांच्यामागं? धड जेवत न्हाईत. लिवत्यात नि खोडत्यात, लिवत्यात नि खोडत्यात."

"काकू, गुरुजी पहिल्या नंबराने येणार बघा!" मी म्हणालो.

आलेच. कप्पा पॉइंट सत्त्याऐंशी. मी पेढे घेऊन पुण्याला गेलो.

सरांनी पेढा खाल्ला नाही. गुरुजींचा कागद उचलला, खिडकीकडे तिरपा धरला आणि बराच वेळ बघत राहिले. "हे खोडलेलं काय आहे?"

मी वाकून बघितलं. रबराने पुसलं तरी पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो. पंचवीसेक ठिकाणी एकच्या खाली दोन दिसत होता. दोनच्या खाली एक कुठेच नव्हता.

सर म्हणाले, "पहिली शंभर कात्रणं काढा. ती चोवीस. मोजा ओळी, माझ्यासमोर."

मी मोजल्या. 'धरणाचे काम वेगात' असा मथळा, कामाबद्दल पाच ओळी, आणि त्याखाली सोळा ओळी गाव कुठे हलवलं, बैल कुठे बांधले याच्या. मी मथळा वाचून एक टाकला होता. चोवीसांतल्या एकवीस ठिकाणी हेच. नियम माझा होता आणि पाळला होता गुरुजींनी.

"दुसऱ्या खेपेला त्यांनी बातम्या वाचल्याच नाहीत," सर म्हणाले. "तुम्हाला वाचलं. हा कप्पा फेकून द्या."

पुढचं काम सरळ होतं. मी सगळी कात्रणं पुन्हा ओळी मोजून केली, कॉलेजच्या ग्रंथपालांनी त्यांची त्यांची वेगळी केली, मेळ चांगला आला. पण त्याआधी मी मुळशीला जाऊन गुरुजींसमोर बसलो. सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुमचा दोन बरोबर होता, तुम्ही खोडायला नको होतं.

गुरुजी म्हणाले, "असू द्या, सर. तुमचं काम अडू नये म्हणून खोडलं. लई दिस लागले पण, हाताला दोनच यायचा."

"मग पुन्हा कराल, गुरुजी? तुम्हाला दिसेल तेच लिहा. मी विचारणार नाही."

मी एक कात्रण पुढे ठेवलं. त्यांनी पट्टी लावली. बोट ओळीओळीने खाली सरकलं. तीन ओळी भिंतीच्या. बाकी सगळ्या देवासकट वर डोंगरावर हललेल्या एका गावाच्या. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. पेन्सिल उचलली, आणि कागदावर टेकवायच्या आधी त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"एक ना, सर?"