घडीवरचं नाव

माधुरीला स्वस्थ बसणं म्हणून माहीत नव्हतं. नगरात मेहताबभाईंच्या छपाईच्या दुकानात ती कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायची. एखादं पान स्क्रीनवर उघडायला वेळ लागला तरी तिचा पाय टेबलाखाली हलत राहायचा. १९९९ साली पुण्याच्या एका संस्थेतून मेहताबभाईंनी छापील पान बघून अक्षरं ओळखणारा प्रोग्राम आणला, चाचणीपुरता, आणि तिच्या हवाली केला. ‘आता टायपिंग बंद, माधुरी,’ ते म्हणाले. त्यांचा यंत्रांवर भाबडा विश्वास होता.

पहिलं काम आलं श्रीगोंद्याकडच्या भीमराज गुरुजींचं. त्यांच्या वडिलांनी, रंभाजींनी, गावातल्या धम्मदीक्षेची हकिगत १९५७ साली छापून घेतली होती. आता तिची एकच प्रत उरली होती. दसऱ्याला नवी आवृत्ती निघायची होती. गुरुजींबरोबर त्यांची आई राहीबाईही आल्या. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. स्कॅन होईपर्यंत त्या खुर्ची सोडेनात.

‘हळू गं पोरी, पाठ मोडंल त्याची,’ त्या म्हणाल्या. म्हणून माधुरीने पुस्तक काचेवर दाबलं नाही.

संध्याकाळी पुस्तक फडक्यात बांधून निघताना राहीबाईंनी विचारलं, ‘शेवटाला नावांची यादी हाय. माजं नाव आलं का तुज्या मशिनीत?’

‘हो आजी, आलंय,’ माधुरी म्हणाली. तिने बघितलंच नव्हतं. घाईत निघालेला ‘हो’ होता तो.

मग आठवडाभर तिने त्या मजकुराशी मारामारी केली. पहिल्या दिवशी भाषा हिंदीवरच राहिली होती. सगळे ळ जाऊन ल बसले आणि ‘शेतकऱ्यांनी’ची पार चाळण झाली. मराठी निवडून पानं पुन्हा चालवली तेव्हा बरंच सावरलं. तरी भ आणि म, घ आणि ध यांची अदलाबदल चालूच, फिकट अनुस्वार गायब, आणि ख फुटून ‘रव’. तिने एकदम हुकूम सोडला: जिथे ‘रव’ दिसेल तिथे ‘ख’ कर. प्रोग्रामने इमानेइतबारे ‘रविवार’चा ‘खिवार’ केला आणि ‘गौरव’चा ‘गौख’. मेहताबभाई दोन दिवस हसत होते. त्यानंतर ती एकेक जागा बघून बदल करायला लागली.

डिस्क भरली तेव्हा तिने स्कॅन केलेली चित्रं पुसून टाकली. दुकानाचा रिवाजच होता तो. लग्नपत्रिका छापून झाली की नवरानवरीचे फोटो पुसायचे. मजकूर तर आलाच होता.

शेवटची प्रुफं छपाईच्या प्लेटला जायच्या आदल्या दिवशी ती प्रस्तावना वाचत होती. ‘आम्ही दीक्षा घेतलेले सत्तावन्न जण,’ रंभाजींनी लिहिलं होतं. तिने यादी मोजली. छप्पन्न. पुन्हा मोजली. छप्पन्नच. सहादेव, श्रीमंत, रंगनाथ ही नावं होती. राहीबाई नव्हत्या.

चित्र उरलेलं नाही, पुस्तक श्रीगोंद्याला, आणि आपण त्या बाईला तोंडावर हो म्हटलंय. नाव स्वतःच टाइप करून मोकळं होता आलं असतं. पण कुठल्या जागी, कसं लिहिलेलं? आणि यंत्राने आणखी काय गिळलंय, कुणी सांगावं? सकाळी तिने मेहताबभाईंना प्लेट थांबवायला सांगितलं आणि श्रीगोंद्याची एसटी पकडली. वाटेत तिने तीन वेळा यादी मोजली, जणू बसच्या धक्क्यांनी एक नाव वाढणार होतं.

राहीबाई ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. ‘आजी, मी त्या दिवशी खोटं बोलले,’ माधुरी उभ्याउभ्याच म्हणाली. ‘मी बघितलं नव्हतं. तुमचं नाव यादीतून गळलंय.’

राहीबाईंनी सूप खाली ठेवलं. आत जाऊन पुस्तक आणलं आणि यादीचं पान उघडलं. पानाला आडवी घडी होती, जुनी, काळी पडलेली. नेमकी एका ओळीवरून गेलेली. माधुरीने ओळ वाचली: ‘राहीबाई रंभाजी.’ पान दाबलं न गेल्याने घडीची सावली अक्षरांवर पडली असणार. प्रोग्रामने ती आखलेली रेघ समजून अख्खी ओळ सोडून दिली होती.

‘ही घडी कुणी घातली, आजी?’

‘ह्यांनीच,’ राहीबाई म्हणाल्या. ‘मला वाचता येत न्हाई. म्हनले, घडीवर बोट ठिव, तितं तू हायेस. रोज ठिवायची मी.’

माधुरीला खूप वाईट वाटलं. त्यांचा हात तिने धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग गुरुजींना बसवून मूळ पुस्तकातली ओळ अन् ओळ त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली, स्वतः प्रुफावर बोट ठेवून. दुपार गेली. हकिगतीतून गळलेल्या आणखी दोन ओळी सापडल्या.

दसऱ्याच्या आधी गठ्ठे बांधून झाले. पहिली प्रत माधुरीने स्वतःकडे ठेवली. यादीचं पान काढलं, राहीबाईंच्या ओळीवर नीट आडवी घडी घातली, नखाने दाबली, आणि ती प्रत वेगळ्या कागदात बांधून श्रीगोंद्याला पाठवली.