खोगिराच्या अलीकडे, पलीकडे

साठच्या दशकात पनवेलबाहेरच्या एका रसायन कारखान्यात मी आकडेमोडीच्या कामाला होते. गणितात एम.एस्सी. झाले होते. हाताने फिरवायचं गणकयंत्र आणि कोष्टकांची पुस्तकं, एवढंच माझं साहित्य.

कारखान्यातली मोठी टाकी आठवडाभर सतत चालायची. एका बाजूने कच्चा माल आत, दुसरीकडून तयार माल बाहेर, आणि भोवतीच्या नळ्यांतून थंड पाणी. टाकीतली क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करायची. आठवड्याच्या सुट्टीनंतर टाकी नव्याने सुरू करत, तेव्हा कधी ती छान तापायची, तर कधी तासाभरात निवून जायची आणि कच्चा माल तसाच बाहेर पडायचा. पाण्याची झडप मात्र दोन्ही वेळा त्याच खुणेवर असायची.

कारखान्याच्या साहेबांचा संशय टाकीवरच्या ऑपरेटरवर होता. तो जवळच्या गावातला, मिठागरात काम केलेला, कमी बोलणारा माणूस. तो झडप गुपचूप जास्त उघडतो, असं साहेबांचं ठाम मत होतं. त्यांनी झडपेला शिशाचं सील लावलं. पुढच्या वेळीही टाकी निवली आणि सील शाबूत निघालं, तेव्हा साहेब म्हणाले की त्याने दुसरं सील करून घेतलं असणार.

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं. बिघाडाचे दिवस आणि त्याच्या पाळ्या मी कागदावर समोरासमोर मांडल्या. प्रत्येक बिघाड त्याच्याच पाळीत. मी तो कागद साहेबांना देणार होते. मग सहज त्याच्या सगळ्या पाळ्या पाहिल्या. टाकी सुरू करायचं काम नेहमी त्याच्याकडेच असायचं, कारण सगळ्यांत जुना तोच. त्याच्याच हाताखाली टाकी कितीतरी वेळा नीट तापलीही होती. कागद मी खणात ठेवला.

प्रयोगशाळेतून क्रियेचे आकडे मागवले आणि दोन समीकरणं लिहिली, एक टाकीतल्या कच्च्या मालाच्या प्रमाणाचं, दुसरं तापमानाचं. आलेखाच्या आडव्या अक्षावर प्रमाण, उभ्यावर तापमान. टाकीची कोणतीही अवस्था म्हणजे त्या कागदावरचा एक बिंदू, आणि वेळ जाईल तसा तो बिंदू वाट काढत जातो. दोन्ही बदल शून्य होतील असे संतुलनबिंदू तीन निघाले.

प्रत्येकाजवळ समीकरणं सरळ करून, म्हणजे वक्राच्या जागी सरळ रेषा धरून, पाहिली. खालचा, थंड बिंदू नोड निघाला, वाटा त्यात झोके न घेता शिरत होत्या. वरचा, गरम बिंदू फोकस, वाटा त्याच्याभोवती गिरक्या घेत आत येत होत्या. तापमान नोंदणाऱ्या जुन्या तक्त्यांवर नेमकं हेच दिसत होतं: टाकी तापली की विरत जाणाऱ्या लाटा, निवली की सरळ उतार. मधला बिंदू सॅडल, खोगिरासारखा. एका दिशेने वाट त्याच्याकडे येते, दुसऱ्या दिशेने दूर पळते.

खोगिराकडे येणारी ती वाट मी काळ उलटा चालवून मागे काढत नेली. हीच वाट दोन प्रदेशांची सीमा होती. सुरुवातीला टाकी वाफेने ज्या तापमानापर्यंत तापवायचा नियम होता, तो बिंदू जवळजवळ या सीमेवरच पडत होता. एखादा अंश अलीकडे, की टाकी निवणार. पलीकडे, की तापणार. थर्मामीटर वाचण्यातही तेवढा फरक पडतो.

मी आलेख घेऊन टाकीपाशी गेले आणि ऑपरेटरला विचारलं, वाफ नेमकी कधी बंद करता? तो कागदाकडे बघत राहिला.

“बाई, यात माजं नाव हाय का?”

नाही म्हटलं. त्याला ते खरं वाटलं नसावं. तरी म्हणाला, “पारा खुणेला टेकला की बंद. झडपेला मी हात लावत नाय.”

साहेबांनी आलेख उलटसुलट करून पाहिला. मग मला विचारलं, “तुम्ही त्याच्या गावच्या आहात का?”

मी म्हटलं, “नाही. थर्मामीटरवरची खूण पाच अंशांनी वर घ्या आणि झडपेपाशी तुम्ही स्वतः बसा.”

ते बसले. खुर्ची टाकून, झडपेवर नजर ठेवून. तापमानाची पहिली लाट नेहमीपेक्षा थोडी उंच गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग ती उतरली, पुन्हा चढली, आणि प्रत्येक झोका लहान होत टाकी गरम बिंदूवर स्थिरावली. त्यानंतरच्या सुरुवातींतही तसंच झालं.

नियमपत्रकातला आकडा बदलला. झडपेवरचं सील साहेबांनी काढलं नाही. असू दे, म्हणाले. ऑपरेटरची माफी कुणी मागितली नाही, मीही नाही. तो निवृत्त होईपर्यंत टाकी तोच सुरू करायचा. पण पारा खुणेला टेकला की आधी दुसऱ्या कुणाला तरी हाक मारून दाखवायचा, आणि मगच वाफ बंद करायचा.