शेवटचं मेंढरू पाणी पिईपर्यंत

साताऱ्याच्या एका संस्थेने 'लोकर : काल, आज आणि उद्या' असा परिसंवाद ठेवला आणि संवादक म्हणून मला सांगलीहून बोलावलं. आपल्याकडे कुठल्याही वस्तूला काल, आज आणि उद्या जोडलं की परिसंवाद तयार होतो. लोकरीतलं मला काही कळत नव्हतं, पण आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवल्यामुळे दुसऱ्याला वेळेत गप्प कसं बसवायचं ते कळत होतं. निदान तसा माझा समज होता.

वक्ते तीन. पशुविज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक, लोकरीच्या पिशव्या आणि बसकरं बनवणाऱ्या पुण्याच्या एक उद्योजिका, आणि माण तालुक्यातल्या एक मेंढपाळ बाई. संस्थेच्या कार्यवाहांनी तिसऱ्या नावाबद्दल मला फोनवर समजावलं, "त्या फार बोलणार नाहीत, पण व्यासपीठावर दिसलेल्या बऱ्या." मला राग आला. त्याच दिवशी मी ठरवलं की या बाईंना पुरती दहा मिनिटं मिळवून द्यायची.

तयारी मी मनापासून केली. तिघांना दोन-दोनदा फोन केले. कोण कशावर बोलणार ते ठरवलं, म्हणजे एकाचंच दुसऱ्याने दळायला नको. परिचय दोन-दोन ओळींत बसवले. वेळेचा कागद केला: सत्कार दहा मिनिटं, माझं प्रास्ताविक तीन, प्रत्येकी दहा, मग आपसात चर्चा, शेवटची पंधरा मिनिटं श्रोत्यांची. शाल-श्रीफळाऐवजी घोंगडी द्या, ही कल्पनाही माझीच. कार्यवाहांना ती इतकी आवडली की पुढे ती त्यांची झाली.

मेंढपाळ बाई पहिल्या फोनवर घाबरल्या होत्या. "आवं बाई, तितं सगळी शिकल्याली माणसं. मी काय बोलू?"

"तुमची अडचण काय ती बोला," मी म्हटलं.

"अडचण एकच हाय. कातरल्याली लोकर कुणी नेत न्हाई. आदी दारात येऊन न्यायची. आता कातरायची मजुरी आमीच द्यायची आन् लोकर वड्याला टाकायची. अवंदा न्हाई टाकली. चौदा पोती भरून ठिवल्यात. त्या पिशव्यावाल्या बाई येणार हायत न्हवं? त्यास्नी इचारायचंय."

म्हणजे त्यांना भाषण करायचंच नव्हतं. एका माणसाला एक प्रश्न विचारायचा होता आणि त्यासाठी त्या एसटीने साताऱ्याला येणार होत्या. दुसऱ्या फोनवर त्या चांगल्याच खुशीत होत्या. "बाई, वेळ लावून बगितली. मेंढरं पाण्यावर आली तवा बोलाया लागली. शेवटचं मेंढरू पिऊन हाललं आन् माजंबी संपलं. आट मिन्टं!"

परिसंवादाच्या दिवशी अकराला सुरू व्हायचं ते साडेअकराला झालं. दीपप्रज्वलनाला वात पेटेना. मग स्वागत, मग संस्थेचा परिचय, मग कार्यवाहांचं मनोगत. सत्कारात वक्त्यांखेरीज पहिल्या रांगेतल्या सात जणांच्या खांद्यावर घोंगडी पडली. प्रत्येक वेळी फोटोवाला म्हणायचा, "सर, जरा इकडं बघा," आणि सर बघायचे. मी कागदावरच्या वेळा खोडत बसले आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला.

प्राध्यापकांनी "थोडक्यात सांगतो" म्हणून सुरुवात केली, आणि हे म्हणणारा माणूस लवकर बसत नाही. पंचवीस मिनिटांत ते कालच्या लोकरीतून बाहेरच आले नाहीत. मी दोन चिठ्ठ्या पुढे सरकवल्या. पहिली त्यांनी वाचून खिशात घातली, दुसरीच्या पाठीवर स्वतःचे पुढचे मुद्दे लिहून घेतले. उद्योजिका नेमकं बोलल्या, वेळेत थांबल्या. त्यानंतर कार्यवाहांची चिठ्ठी मला आली: 'जेवण तयार आहे. आवरते घ्या.'

मेंढपाळ बाईंसाठी उरली होती तीन मिनिटं. मी त्यांच्याकडे माइक सरकवला. व्यासपीठावरचे मान्यवर वगैरे त्यांनी काही घेतलं नाही. शेजारच्या प्राध्यापकांच्या खांद्यावरची घोंगडी त्यांनी दोन बोटांत धरून चोळली.

"ही आमच्या मेंढराची न्हाई," त्या म्हणाल्या. "आमची टोचती. ही टोचतच न्हाई. कारखान्यातली दिसती. आमच्या लोकरीवर बोलाया तुमी बसला आन् पांघारलंया दुसरंच."

सभागृह खदखदून हसलं. प्राध्यापकांनी मान खाजवली, बहुधा टोचत नसल्याची खात्री करायला. बाई हसल्या नाहीत. त्या उद्योजिकांकडे वळल्या. "माज्याकडं चौदा पोती लोकर हाय. तुमाला चालती का?"

उद्योजिका पुढे झुकल्या, माइककडे त्यांनी हात केला. सगळ्या सकाळीत पहिल्यांदाच कुणीतरी कुणाला तरी खरा प्रश्न विचारला होता. आणि मी, संवादक, काय केलं? घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "फार महत्त्वाचा प्रश्न आहे, पण वेळेची मर्यादा आहे. आपण हे जेवताना बोलूया."

टाळ्या झाल्या.

जेवताना मी दोघींची गाठ घालून देणार होते. पण खाली उतरले तोच लोकांनी गराडा घातला. "मॅडम, काय ओघवतं बोलता!" "आमच्या व्याख्यानमालेला यायलाच हवं." मी नाही-नाही म्हणत सगळं ऐकून घेतलं. कार्डं घेतली, नंबर दिले, फोटोत उभी राहिले. उद्योजिकांनीही जाताना त्यांचं कार्ड हातात दिलं. "त्या ताईंना द्याल? मला दिसल्याच नाहीत." मी अगदी हो म्हटलं. हातात मसालेभाताचं ताट येईपर्यंत बाई निघून गेल्या होत्या. त्यांची दहिवडीची एसटी होती, ती काही आमच्या परिसंवादासाठी थांबणार नव्हती.

सांगलीला परतताना उंब्रजपर्यंत मी प्राध्यापकांवर चिडलेली होते, आणि तिथून पुढे कार्यवाहांवर. माणसाला वेळेचं भान कसं नसतं, यावर एक लेख डोक्यात तयार झाला.

दोन दिवसांनी संस्थेने चित्रफीत पाठवली. लेखाला पुरावा हवा म्हणून मी वही घेऊन बसले आणि प्रत्येकाची मिनिटं लिहिली. प्रास्ताविक तीनऐवजी नऊ मिनिटं चाललं होतं. त्यात लोकरीवरून मी माझ्या लहानपणच्या स्वेटरवर गेले होते. प्रत्येक वक्त्यानंतर मी "सरांनी फार मोलाचा मुद्दा मांडला" म्हणून तो मुद्दा पुन्हा, पहिल्यापेक्षा लांब, मांडला होता. माझ्या एकटीच्या मिनिटांची बेरीज एकवीस झाली. माझा विश्वास बसेना. पुन्हा मोजलं तर एकोणीस आली, तेव्हा जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली. मी पंधरा मिनिटं कमी बोलले असते तर बाईंची आठ मिनिटं आणि उद्योजिकांचं उत्तर, दोन्ही आरामात बसलं असतं.

वही मिटते तोच मेंढपाळ बाईंचाच फोन आला. मागून मेंढरांचा गलका ऐकू येत होता.

"बाई, तुमी लय चांगलं बोलला," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. "आमच्यातबी सगळ्यांनी मोबाइलवर बगितलं. फकस्त त्या पिशव्यावाल्या बाईंचा नंबर तेवढा घ्यायचा ऱ्हायला बगा."

कार्ड माझ्या पर्समध्येच होतं, माझं कौतुक करणाऱ्यांच्या कार्डांखाली. मी नंबर सांगू लागले. एकेक आकडा त्या मोठ्याने म्हणत होत्या, कुणीतरी लिहून घेत होतं. दहा आकडे झाले आणि सवयीने पुढे काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं.

"बास बाई," त्या म्हणाल्या, "आता त्यास्नीच लावती," आणि फोन ठेवला.